न दाखविलेल्या शर्तीचे बंधन

पीक विम्याचा दावा नाकारला गेलेला शेतकरी लातूरच्या कृषी कार्यालयाच्या पायरीवर किंवा नांदेडच्या जिल्हाधिकारी कचेरीच्या आवारात आपली कैफियत मांडू लागला, की त्याला ऐकविले जाणारे एक उत्तर आता इतके रूढ झाले आहे की, ते देणाऱ्याला त्यात विचार करण्यासारखे काही उरले आहे असे वाटत नाही. विमा हा करार आहे. नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांच्या आत पूर्वसूचना दिली पाहिजे अशी त्या कराराची शर्त आहे. शेतकऱ्याने ती पाळली नाही, सबब दावा फेटाळला गेला. आणि करार वाचून न घेणाऱ्याने मागाहून तक्रार करणे हा न्याय नव्हे, तर सवलतीची याचना आहे, असे हे उत्तर असते. विमा कंपनीचा प्रतिनिधी असे बोलला तर ते त्याच्या नोकरीचा भाग म्हणून समजून घेता येते. परंतु बँकेतला साहेब, महाविद्यालयातला प्राध्यापक, इतकेच नव्हे तर शेतकऱ्याचाच शहरात स्थिरावलेला मुलगा जेव्हा हेच वाक्य स्वतःच्या न्यायबुद्धीचा निर्णय म्हणून उच्चारतो, तेव्हा त्याचा प्रतिवाद करणे अवश्य होते. कारण या उत्तरातील जवळजवळ प्रत्येक विधान तपासले असता असत्य किंवा अर्धसत्य ठरते.

प्रथम ती शर्त मुळात काय आहे ते पाहू. २०१६ च्या खरिपापासून लागू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाईचे मार्ग एकाहून अधिक होते. संपूर्ण महसूल मंडळाचे सरासरी उत्पादन घटले तर पीक कापणी प्रयोगांवरून आपोआप मिळणारी भरपाई हा एक. त्यात शेतकऱ्याने काही कळविण्याचा प्रश्नच येत नाही. गारपीट, शेतात पाणी साचणे यांसारखी स्थानिक आपत्ती हा दुसरा. आणि कापून शेतात पसरून ठेवलेले पीक चौदा दिवसांच्या आत अवकाळी पावसात सापडणे हा तिसरा. या शेवटच्या दोन मार्गांतच पूर्वसूचनेची शर्त होती. ती आधी अठ्ठेचाळीस तासांची होती, २०१८ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत ती बहात्तर तासांची झाली. आता येथे जे ध्यानात घ्यावयाचे ते हे, की त्याच सूचनांत ही माहिती केवळ विमा कंपनीलाच दिली पाहिजे असे म्हटलेले नाही. कंपनी, बँक, स्थानिक कृषी विभाग, शासकीय अधिकारी किंवा टोल फ्री क्रमांक यांपैकी कोठेही ती देता येत होती. म्हणजे ज्या शेतकऱ्याने तलाठ्याला बांधावर बोलावून पाणी दाखविले, किंवा कृषी सहायकाकडे नाव नोंदविले, त्याने शर्त मोडली असे म्हणणाऱ्याने ती शर्तच पुरती वाचलेली नाही. बहात्तर हा आकडा मात्र सर्वांना पाठ असतो, आणि त्याच्या शेजारी छापलेली ही सोय कोणी सांगत नाही.

आता ‘करार वाचून घ्यावयास हवा होता’ या उपदेशाकडे वळू. जुलै महिन्यात विमा भरण्याची मुदत संपत आलेली असते, सेवा केंद्रासमोर रांग असते, केंद्रचालक सातबारा, आधार आणि बँकेचे पासबुक मागून घेतो, संगणकावर स्वतःच अर्ज भरतो आणि एक पावती छापून हातात देतो. त्या पावतीवर अर्ज क्रमांक असतो, गट क्रमांक, पिकाचे नाव, क्षेत्र, विमा संरक्षित रक्कम आणि भरलेला हप्ता असतो. विम्याच्या शर्ती शासन निर्णयात आणि मार्गदर्शक सूचनांच्या लांबलचक दस्तऐवजात असतात, आणि तो दस्तऐवज त्या रांगेत कोणाच्याही हाती पडत नाही. कर्जदार शेतकऱ्याची गोष्ट तर याहूनही निराळी; त्याचा हप्ता बँकेने कर्जखात्यातून वळता करून घेतल्याचे त्याला अनेकदा नंतर कळते. अर्ज दुसऱ्याने भरला, दस्तऐवज कधी दाखविला गेला नाही, समजावून सांगण्याचे काम कोणावर सोपविलेले नव्हते. मग वाचावयाचे ते काय आणि केव्हा? विमा नियामक प्राधिकरणाच्या २००२ च्या विनियमांत, प्रस्ताव अर्ज दुसऱ्याने भरला असल्यास त्यातील मजकूर आपणास पूर्णपणे समजावून सांगितला गेला असा दाखला विमेदाराकडून घेण्याची तजवीज सुचविलेली होती. ही तजवीज जेथे झालीच नाही, तेथे अज्ञानाचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणाऱ्यांनी आपले कर्तव्य आधी पार पाडले होते काय, हे त्यांनीच सांगावे.

यावर दुसरे उत्तर येते, की शासन निर्णय हा सार्वजनिक दस्तऐवज आहे आणि तो प्रसिद्ध झाला की सर्वांना ज्ञात झाला असे मानावे लागते. कायद्याच्या बाबतीत हे तत्त्व खरे आहे, आणि ते खरे असणे आवश्यकही आहे. परंतु विमा हा कायदा नसून पैसे घेऊन केलेला व्यवहार आहे, आणि या व्यवहाराला उभयपक्षी परम सद्भावाचे बंधन आहे. शेतकऱ्याने आपल्या शेताविषयी काही लपविले तर त्याचा दावा बुडतो, हे कंपन्या अगत्याने सांगतात. मग कंपनीने आपल्या शर्तीविषयी मौन पाळले तर तिची शर्त का बुडू नये? सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न शेतीच्या बाहेरच्या प्रकरणांत अनेकदा सोडविला आहे. २०१९ मध्ये भारत वॉच कंपनीच्या प्रकरणात दुकानातील चोरीचा दावा, बळजोरीने प्रवेश झाल्याच्या खुणा नाहीत म्हणून नाकारला गेला होता. तो अपवाद ज्या शर्तींत होता त्या विमेदाराला कधी दिल्याच नव्हत्या, असे आढळल्यावर त्या शर्तींचे बंधन न्यायालयाने मानले नाही. नोव्हेंबर २०२२ मधील टेक्स्को मार्केटिंगच्या निकालात तर न्यायालय आणखी पुढे गेले. दुकान तळघरात आहे हे कंपनीला ठाऊक होते, त्याची पाहणीही झाली होती, तरीही तळघरातील मालाला संरक्षण नाही असे कलम असलेली पॉलिसी देऊन हप्ते घेतले गेले, आणि आग लागल्यावर ते कलम पुढे करण्यात आले. विमेदाराला जे कलम उघड करून सांगितले नाही आणि जे कराराच्या हेतूलाच सुरुंग लावते, त्याच्या आधारे कंपनीला सुटका करून घेता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. दुकानदाराला जो न्याय लागू होतो तो औसा किंवा मुखेड तालुक्यातील शेतकऱ्याला का लागू होऊ नये, याचे उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही.

शर्त दाखविली होती असे क्षणभर गृहीत धरले, तरी ती न्याय्य होती काय हा प्रश्न उरतोच. आणि येथे सोयाबीन नावाच्या पिकाची थोडी ओळख असणे आवश्यक आहे. सप्टेंबरच्या अखेरीस शेंगा भरून पिवळ्या पडू लागतात, आणि नेमका याच सुमारास मराठवाड्यात परतीचा पाऊस कोसळतो. मांजरा, तेरणा, मन्याड किंवा गोदावरी यांच्या काठच्या काळ्या जमिनीत पाणी उतरावयास कित्येक दिवस लागतात, आणि तोवर शेतात पाऊलही ठेवता येत नाही. उभ्या पिकाची मुळे पाण्याखाली गुदमरतात, पण झाड वाळते ते मागाहून. शेंगेतल्या दाण्याला कोंब फुटतात ते ओल टिकून राहिल्यावर. कापून लावलेली बनीम वरून सुकलेली दिसते आणि उघडल्यावर आतला दाणा काळा पडून बुरसलेला निघतो. तेव्हा ते बहात्तर तास कोणत्या घटकेपासून मोजावयाचे? पाऊस सुरू झाला तेव्हापासून, पाणी साचले तेव्हापासून, की दाणा नासल्याचे दिसले तेव्हापासून? चार दिवस सलग पाऊस पडला तर मुदत पहिल्या सरीपासून धरावयाची की शेवटच्या? नाकारणारे पत्र या प्रश्नांना स्पर्शही करीत नाही. ते केवळ सूचना ‘मुदतीनंतर’ आल्याचे नमूद करते, आणि मुदतीचा आरंभ कोणी व कसा ठरविला हे सांगत नाही. शिवाय त्याच दिवसांत गावाची वीज गेलेली असते, मोबाईलचा मनोरा बंद असतो, आणि एकाच वेळी हजारो लोक एका क्रमांकावर बोलू पाहत असल्याने तो क्रमांक लागत नाही. ज्या आपत्तीपासून संरक्षण विकले, त्याच आपत्तीने अशक्य करून टाकलेली कृती पूर्वअट म्हणून मागणे, याला न्याय्य शर्त कसे म्हणता येईल?

परंतु या शर्तीविरुद्धचा सर्वांत भक्कम युक्तिवाद तिच्या हेतूत आहे. पूर्वसूचना कशासाठी मागितली जाते? पाहणी करणाऱ्याला नुकसान ताजे असताना शेतात पोहोचता यावे, म्हणजे खोटा दावा ओळखता यावा, यासाठी. सूचना हे पडताळणीचे साधन आहे. हक्क जन्मतो तो हप्ता भरल्याने आणि नुकसान झाल्याने. जेथे पडताळणी दुसऱ्या विश्वसनीय मार्गाने झालेली आहे, तेथे साधनाच्या अभावावरून हक्क नाकारणे म्हणजे पावती हरवली म्हणून ठेव परत न करण्यासारखे आहे. नियामक प्राधिकरणाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात विमा कंपन्यांना हेच बजावले आहे, की सूचना किंवा कागदपत्रे उशिरा आल्याच्या कारणावरून, उशीर टाळता न येण्यासारखा असताना, खरा दावा यांत्रिकपणे फेटाळता कामा नये. आणि जानेवारी २०२० मध्ये गुरशिंदरसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जो प्रश्न निकालात काढला, तो आमच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे. एका ट्रॅक्टरची चोरी झाली होती. मालकाने त्याच दिवशी पोलिसांत फिर्याद दिली, पण विमा कंपनीला कळविण्यास ५२ दिवस लागले. पोलिसांकडे तत्काळ फिर्याद झाली असताना आणि चोरी खरी असताना केवळ कंपनीला उशिरा कळविले म्हणून दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. तेथे फिर्याद होती, येथे पंचनामा आहे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी सह्या केलेला, तहसीलदाराने स्वीकारलेला, ज्याच्या आधारे शासनाने आपल्या तिजोरीतून अतिवृष्टीचे अनुदान वाटले असा पंचनामा शासनाला पुरतो आणि कंपनीला पुरत नाही, हे कोणत्या तर्काने?

हा तर्क न्यायालयासमोर प्रत्यक्ष मांडला गेला तो आमच्या शेजारच्या जिल्ह्यात. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात २०२० च्या खरिपात सोयाबीनचे पीक परतीच्या पावसाने हातचे गेले. महसूल आणि कृषी खात्यांनी नुकसानीची नोंद केली, परंतु बहात्तर तासांत वैयक्तिक सूचना न दिल्याच्या कारणावरून लाखो शेतकऱ्यांना भरपाई मिळाली नाही. काही शेतकरी औरंगाबाद खंडपीठात गेले, आणि मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बजाज अलायन्झ जनरल इन्शुरन्स या कंपनीला जिल्ह्यातील सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांना हेक्टरी १८,००० रुपयांप्रमाणे भरपाई देण्याचा हुकूम केला. कंपनीने न दिल्यास ती राज्य शासनाने द्यावी असेही सांगितले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा तेथेही तिला सप्टेंबर २०२२ मध्ये २०० कोटी रुपये जमा करण्यास सांगण्यात आले. साडेतीन लाख कुटुंबे एकाच वेळी आळशी, बेफिकीर किंवा लबाड असतात असे मानणे ज्याला शक्य आहे त्याने शर्तीची बाजू घ्यावी. ज्याला ते शक्य नाही, त्याला एवढे मान्य करावेच लागेल, की जी शर्त एका जिल्ह्यातील इतक्या लोकांना पाळता आली नाही, तिच्यातच काही मूलभूत दोष आहे.

‘सूचनेची अट सैल केली तर खोट्या दाव्यांचा पूर येईल’ ही भीती मी क्षुल्लक मानीत नाही; खोटे विमे उतरविले गेले, दुसऱ्याच्या जमिनीवर अर्ज भरले गेले, हे खरे आहे. परंतु ते प्रकार अर्ज स्वीकारताना घडले, आणि बहात्तर तासांच्या अटीने त्यांतला एकही अडला नाही. लबाड माणूस तर मुदतीच्या आत सूचना देण्यास सर्वांत तत्पर असतो. खऱ्या-खोट्याची पारख करण्याची साधने कंपनीच्या हाती आहेत. महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्र असते. एका दिवसात ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला की मंडळात अतिवृष्टी झाली असे धरले जाते, आणि ती नोंद कोणा शेतकऱ्याच्या सांगण्यावर अवलंबून नसते. शिवाय अधिसूचित घटकातील विमा उतरविलेल्या क्षेत्राच्या पंचवीस टक्क्यांहून अधिक भाग बाधित झाला, तर नमुना पाहणी करून सर्व पात्र शेतकऱ्यांना भरपाई द्यावी, अशी तरतूद याच योजनेत होती. सगळे मंडळ पाण्याखाली असताना एकेका शेतकऱ्याच्या फोनची वेळ तपासत बसणे, हा दक्षतेचा नव्हे, टाळाटाळीचा मार्ग आहे. हप्त्याचा मोठा वाटा सरकार भरते, म्हणून शेतकऱ्याने गप्प बसावे, या म्हणण्याला तर एवढेच उत्तर पुरे, की सरकार तो वाटा जनतेच्या पैशातून कंपनीला देते आणि ती रक्कम पदरात पडल्यावर कंपनीचे दायित्व कमी होत नाही.

नाकारणाऱ्या पत्राला उत्तर कसे द्यावे, हे एका काल्पनिक पण नित्याच्या उदाहरणावरून पाहू. अहमदपूर तालुक्यातील एका शेतकऱ्याने १.२० हेक्टर सोयाबीनचा विमा हेक्टरी ४५,००० रुपयांप्रमाणे उतरविला. विमा संरक्षित रक्कम झाली ५४,०००, आणि दोन टक्क्यांप्रमाणे त्याचा हिस्सा १,०८० रुपये. पीक पाण्यात गेले, पाचव्या दिवशी पंचनामा झाला, आणि चाळीस टक्के नुकसान धरले तर त्याला २१,६०० रुपये मिळावयास हवेत. कंपनी म्हणते, पूर्वसूचना नाही. या शेतकऱ्याने दयेचा अर्ज लिहू नये. त्याने प्रथम लेखी विचारावे, की कोणत्या दस्तऐवजाच्या कोणत्या कलमाने दावा नाकारला, आणि तो दस्तऐवज आपणास कोणत्या तारखेस, कोणत्या भाषेत, कोणाकरवी दिला गेला याचा पुरावा काय. तहसील कार्यालयातून पंचनाम्याची आणि बाधितांच्या यादीची नक्कल माहितीच्या अधिकारात घ्यावी, मंडळाची पर्जन्यनोंद जोडावी, आणि आपण तलाठ्याला किंवा कृषी सहायकाला केव्हा कळविले ते नमूद करावे. मग तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील तालुका समितीकडे आणि तेथे न मिटल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे तक्रार न्यावी. कंपनीने पहिल्या पत्रात जे कारण दिले त्यालाच तिला धरून ठेवावे, कारण नकाराच्या पत्रात नसलेली नवी कारणे न्यायालयासमोर मागाहून उभी करता येत नाहीत, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

दाद मागण्याची मुदत मात्र विसरू नये. ग्राहक आयोगाकडे तक्रार दावा नाकारल्यापासून दोन वर्षांच्या आत गेली पाहिजे. सेवेतील त्रुटी म्हणून ती लातूरच्या किंवा नांदेडच्या जिल्हा आयोगापुढे चालते, आणि इतक्या लहान रकमेच्या तक्रारीला शुल्कही नाही. परंतु २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करार’ ही जी नवी संकल्पना आणली, तिच्या आधारे करारच अनुचित ठरवून घ्यावयाचा असेल, तर तो अधिकार जिल्हा आयोगाला नसून राज्य आयोगाला आहे. चुकीच्या दारात वर्षे घालविलेल्यांना हे कोणी आधी सांगितलेले नसते. आणि ज्याच्याजवळ पंचनामा नाही, पर्जन्यनोंद नाही, कोणाला कळविल्याची खूण नाही, त्याची बाजू दुबळी आहे हे मी मान्य करतो. तेवढेच मान्य करतो.

शासनाने या शर्तीचा अन्याय दूर कसा केला तेही पाहावे. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्राने एक रुपयातील विमा बंद केला, शेतकऱ्याचा दोन टक्क्यांचा हिस्सा पुन्हा सुरू केला, आणि स्थानिक आपत्ती व काढणीपश्चात नुकसान ही संरक्षणेच गाळून भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगांवर ठेवली. त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेड, लातूर, धाराशिव आणि बीडमध्ये शेते वाहून गेली, आणि असंख्य शेतकऱ्यांना आपल्या पावतीचा अर्थ बदलला आहे हे तेव्हा कळले. सूचना देण्याची शर्त गेली, पण जिच्यासाठी सूचना द्यावयाची ती भरपाईही गेली; आणि हा बदलही सेवा केंद्राच्या रांगेत कोणी समजावून सांगितला नव्हता. न सांगितलेल्या शर्तीची जागा न सांगितलेल्या वगळणुकीने घेतली आहे. तेव्हा माझे म्हणणे आता कंपनीपुरते राहिलेले नाही. हप्ता घेतेवेळी शर्ती मराठीत, पावतीवरच, ठळक अक्षरांत छापा आणि त्याखाली शेतकऱ्याची सही घ्या. ज्या दाव्याच्या नस्तीत अशी सही नाही, त्यात शर्तभंगाचे कारण लिहिण्याचा अधिकार कंपनीला नाही आणि शासनालाही नाही, आणि ज्यांनी असे कारण लिहून पत्रे पाठविली आहेत त्यांनी ती मागे घेऊन रक्कम व्याजासह चुकती करावी.